साडेसात जास्त की सात पॉइंट सात?

१ एप्रिल २०२३ ला पोस्टाच्या बचत योजनांचे जे दर लागू झाले, त्यांच्या तक्त्यात दोन ओळी लक्ष वेधून घेणाऱ्या होत्या. पाच वर्षांची मुदत ठेव ७.५ टक्के आणि राष्ट्रीय बचत प्रमाणपत्र, म्हणजे आपलं एनएससी, ७.७ टक्के. कुणीही म्हणेल, एनएससी बरं. पण त्याच तक्त्यात पुढे रुपयांचे आकडेही होते. दहा हजारांच्या मुदत ठेवीवर वर्षाचं व्याज ७७१ रुपये. आणि एनएससीत पहिल्या वर्षी जमा होणारं व्याज दहा हजारांच्या ७.७ टक्के, म्हणजे ७७०. दर कमी असलेल्या योजनेचं व्याज रुपयाभर जास्त निघालं.

हे घडतं, कारण व्याजाच्या दरात दोन गोष्टी दडलेल्या असतात आणि पाटीवर त्यातली एकच लिहिलेली असते. शेकडा किती, हे लिहिलेलं असतं. वर्षातून किती वेळा व्याज मुद्दलात मिळवलं जातं, हे बहुधा खाली बारीक अक्षरांत असतं. मुदत ठेवीचं व्याज पोस्ट दर तिमाहीला आकारतं. साडेसातचे चार भाग केले की तिमाहीला १.८७५ टक्के. पहिल्या तिमाहीचं व्याज दुसऱ्या तिमाहीत मुद्दलात धरलं जातं, तिसऱ्यात पहिल्या दोन्हींचं, चौथ्यात तिन्हींचं. चार वेळा असं केल्यावर दहा हजारांचे १०,७७१ होतात. एनएससीत हे मिळवणं वर्षातून एकदाच होतं, त्यामुळे तिथे ७.७ म्हणजे ७.७ च.

पाटीवरच्या दराला वित्तशास्त्राच्या पुस्तकांत ‘नाममात्र दर’ म्हणतात. वर्षअखेर शंभर रुपयांवर हातात जेवढं व्याज जमतं, त्याला ‘प्रभावी वार्षिक दर’. आपल्या उदाहरणात मुदत ठेवीचा नाममात्र दर ७.५ आणि प्रभावी दर ७.७१ आहे. नाममात्र दरांची एकमेकांशी तुलना करायची, तर दोन्हीकडे व्याज मिळवण्याची वारंवारता सारखी असावी लागते. ती वेगळी असेल, तर आधी दोन्ही दर प्रभावी दरात बदलायचे आणि मगच समोरासमोर ठेवायचे. त्यासाठी जाहीर दराला वर्षातल्या हप्त्यांच्या संख्येने भागा, त्यात १ मिळवा, जी संख्या येईल तिला स्वतःनेच तितक्या वेळा गुणा आणि शेवटी १ वजा करा. शाळेत द.सा.द.शे.ची गणितं ज्यांनी केली आहेत, त्यांच्या हाताला हे सवयीचं असेल. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

आता मुदत ठेवी बाजूला ठेवू आणि आपल्या रोजच्या बचत खात्याकडे वळू. पोस्टाच्या बचत खात्यावर ४ टक्के व्याज मिळतं आणि ते आर्थिक वर्ष संपताना एकदाच जमा होतं. बँकांना मात्र रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे बचत खात्याचं व्याज निदान तिमाहीला जमा करावंच लागतं, त्याहून लवकर केलं तरी चालतं. बहुतेक बँका तिमाहीला करतात, काही खासगी बँका दर महिन्याला करतात. एखादी बँकही ४ टक्केच देते असं धरू आणि १ एप्रिलला त्या खात्यात एक लाख रुपये टाकून वर्षभर हात लावायचा नाही असं ठरवू.

एप्रिल ते जून हे ९१ दिवस. एक लाखावर ४ टक्क्यांनी ९१ दिवसांचं व्याज ९९७ रुपये. जुलै ते सप्टेंबर ९२ दिवस, पण आता मुद्दल १,००,९९७ आहे. व्याज १,०१८. ऑक्टोबर ते डिसेंबर पुन्हा ९२ दिवस, मुद्दल १,०२,०१५, व्याज १,०२९. जानेवारी ते मार्च ९० दिवसच, तरी मुद्दल वाढल्यामुळे व्याज १,०१६. एकूण ४,०६० रुपये. पोस्टात तेवढ्याच मुद्दलावर वर्षअखेर ४,००० मिळाले असते. तिमाहीने मिळवल्यामुळे साठ रुपये वाढले, म्हणजे प्रभावी दर ४.०६ झाला.

दर महिन्याला मिळवलं तर? ४,०७४. रोजच्या रोज मिळवलं तर? ४,०८१. इथे एक गोष्ट डोळ्यांत भरते. वर्षाऐवजी तिमाही केल्यावर साठ रुपये वाढले, तिमाहीऐवजी महिना केल्यावर चौदा आणि महिन्याऐवजी दिवस केल्यावर जेमतेम सात. पुढे तासाला, मिनिटाला, सेकंदाला मिळवत बसलो तरी चार टक्क्यांचा प्रभावी दर ४.०८१ च्या आसपासच थांबतो. वारंवारतेच्या फायद्याला छत आहे आणि ते फार उंच नाही.

या छताचा शोध व्याजाच्याच हिशेबातून लागला. स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरातला गणिती याकोब बर्नुली याने १६८३ मध्ये हा प्रश्न घेतला. एक नाणं शंभर टक्के व्याजाने लावलं आणि व्याज वर्षाला एकदा मिळवलं, तर वर्षअखेर दोन नाणी होतात. सहा महिन्यांनी मिळवलं तर सव्वादोन, तिमाहीला २.४४, महिन्याला २.६१, रोज २.७१. क्षणोक्षणी मिळवलं तर किती, याचं उत्तर त्याने दोन आणि तीनच्या मध्ये कुठेतरी असल्याचं दाखवलं. हीच संख्या पुढे गणितात e या अक्षराने ओळखली गेली आणि तिची किंमत २.७१८ च्या आसपास आहे. चक्रवाढ म्हणजे अमर्याद वाढ, अशी आपली जी समजूत असते, तिला वर्षाच्या आत तरी आधार नाही. वर्षं वाढली की चक्रवाढ झपाट्याने वाढते. एकाच वर्षाचे तुकडे वाढवले की ती लवकरच दमते.

छत किती उंच असेल, ते दरावर अवलंबून असतं. अंदाजासाठी दराचा वर्ग करून निम्मा करायचा. ४ टक्क्यांना ०.०८, ८ टक्क्यांना ०.३२. दर दुप्पट झाला की वारंवारतेचा फायदा चौपट. म्हणूनच क्रेडिट कार्डाच्या थकबाकीवर महिन्याला साडेतीन टक्के लागतात, तेव्हा कागदावर वर्षाचे ४२ होतात आणि थकलेलं व्याजही थकबाकीत मिळत गेलं तर प्रत्यक्षात ५१ च्या वर जातात. सावकारीतल्या ‘शेकडा दोन रुपये महिना’ या दराचेही तसेच २४ चे पावणेसत्तावीस होतात. देणेकऱ्याच्या बाजूने ही वारंवारता फार महाग पडते.

बचत खात्यात मात्र उलट. २०२५ च्या जूनमध्ये अनेक मोठ्या बँकांनी बचत खात्याचा दर अडीच टक्क्यांवर आणला. अडीच टक्क्यांवर एका लाखाला तिमाही पद्धतीने वर्षाचं व्याज २,५२४ रुपये होतं आणि मासिक पद्धतीने २,५२९. फरक पाच रुपयांचा. ‘दर महिन्याला व्याज जमा’ अशी जाहिरात पाहून ज्यांनी खातं बदललं असेल, त्यांना वर्षभरात एका लाखामागे पाच रुपये जास्त मिळतात. त्याच वेळी शेजारची बँक पाव टक्का जास्त देत असेल, तर तिथे अडीचशे जास्त मिळाले असते. खालच्या दरांत वारंवारतेला भुलू नये असं मला म्हणूनच ठामपणे वाटतं. तिचा उपयोग काट्याच्या तुलनेपुरता. उदाहरणार्थ, ४ टक्के वार्षिक आणि ३.९५ टक्के मासिक यांत प्रभावी दर काढला तर दुसऱ्याचा ४.०२ येतो आणि तो पहिल्याला मागे टाकतो. पण दुसऱ्याचा जाहीर दर ३.९ असता, तर महिन्याला मिळवूनही तो ४ ला गाठू शकला नसता.

या सगळ्या हिशेबात एक गृहीत धरलेलं होतं. वर्षभर खात्याला हात लावायचा नाही. खरं बचत खातं असं कधी असतं? पगार येतो, हप्ता जातो, शाळेची फी भरली जाते, कुणाच्या तरी आजारपणाला पैसे काढले जातात. म्हणूनच व्याज कधी जमा होतं यापेक्षा ते कोणत्या शिलकेवर धरलं जातं, हा प्रश्न मोठा आहे. माझ्या मते बचत खात्यांची तुलना करताना पहिला प्रश्न हाच असायला हवा, आणि नेमका तोच कुणी विचारत नाही.

२०१० पूर्वी आपल्या बँकांतला नियम असा होता: महिन्याच्या १० तारखेपासून अखेरपर्यंत खात्यात जी कमीत कमी शिल्लक राहील, तिच्यावरच त्या महिन्याचं व्याज. रिझर्व्ह बँकेने १ एप्रिल २०१० पासून हा नियम बदलला आणि प्रत्येक दिवसाच्या शिलकेवर व्याज धरणं बँकांना बंधनकारक केलं. बँकेत जे ‘रोजच्या शिलकेवर व्याज’ असं सांगतात, ते हेच. याचा अर्थ पुष्कळजण ‘रोज चक्रवाढ’ असा घेतात, तो चुकीचा आहे. बँक रोज व्याज मोजून ठेवते, पण मुद्दलात मिळवते तिमाहीने किंवा महिन्याने. मोजणं रोजचं, मिळवणं तिमाहीचं. प्रभावी दर काढताना मिळवण्याचा काळ घ्यायचा, म्हणजे ३६५ ने नव्हे, तर ४ ने भागायचं.

पोस्टाच्या बचत खात्यात मात्र तो जुना नियम आजही आहे. १० तारखेचा व्यवहार संपल्यापासून महिनाअखेरपर्यंतची कमीत कमी शिल्लक, आणि या काळात ती ५०० रुपयांच्या खाली गेली तर त्या महिन्याचं व्याजच नाही. हा नियम खिशाला कसा लागतो, ते एका उदाहरणाने पाहू.

समजा जमिनीच्या व्यवहाराचे एक लाख रुपये १२ जूनला हातात आले. २८ जुलैला ते घराच्या दुरुस्तीला द्यायचे आहेत. मधले ४६ दिवस पैसे बचत खात्यात ठेवायचे. बँकेत ४ टक्क्यांनी रोजच्या शिलकेवर ४६ दिवसांचे ५०४ रुपये होतात. पोस्टात? जूनमध्ये पैसे १२ तारखेला आले, म्हणजे १० तारखेच्या शिलकेत ते नव्हते, जून बाद. जुलैमध्ये २८ तारखेला ते गेले, म्हणजे महिनाअखेरच्या शिलकेत ते नाहीत, जुलैही बाद. दीड महिना एक लाख रुपये खात्यात होते आणि त्यांच्यावर व्याज शून्य. दर दोन्हीकडे ४ टक्केच. तिमाही आणि वार्षिक यांतला वर्षभराचा फरक साठ रुपयांचा होता. इथे दीड महिन्यात पाचशे रुपये हातचे गेले.

आता तेच पैसे १० जूनला आले असते आणि १ जुलैला काढले असते तर? पोस्टाने अख्ख्या जूनचं व्याज दिलं असतं, ३३३ रुपये. बँकेने २१ दिवसांचे २३० च दिले असते. नियम माहीत असलेल्याला पोस्टाचं खातं नुकसानीचं नाही. ज्यांची पेन्शन पहिल्या आठवड्यात जमा होते आणि जे खर्चाचे पैसे महिन्याच्या पहिल्या दहा दिवसांतच काढून घेतात, त्यांचं तिथे काहीच बिघडत नाही. बिघडतं ते महिनाअखेर पैसे काढणाऱ्यांचं. ३० तारखेला काढलेली रक्कम अख्खा महिना खात्यात नव्हती असंच धरलं जातं. ती पुढच्या महिन्याच्या १ तारखेपर्यंत थांबवता आली, तर त्या रकमेचं महिन्याचं व्याज वाचतं. पोस्टाच्या खिडकीवर हे सांगणारी एक पाटी लागली, तर किती वृद्धांचे पैसे वाचतील!

प्रभावी दरालाही मर्यादा आहे, ती सुरुवातीच्याच दोन योजनांत दिसते. पहिल्या वर्षी मुदत ठेवीने ७७१ दिले, एनएससीने ७७०. मग पाच वर्षांनी मुदत ठेवच पुढे असेल ना? नाही. दहा हजारांच्या एनएससीचे पाच वर्षांनी १४,४९० होतात, कारण तिथे दरवर्षीचं व्याज आतच राहतं आणि त्यावर ७.७ टक्क्यांनी व्याज चढत जातं. पोस्टाची मुदत ठेव वर्षाच्या आत तिमाही चक्रवाढ करते, पण वर्ष संपलं की व्याज देऊन टाकते. ते तुम्ही काढलं नाही, तरी त्यावर पुढे व्याज मिळत नाही. पाच वर्षांचे ७७१ प्रमाणे ३,८५५ रुपये आणि मुद्दल, एवढंच. एनएससीचं व्याज ४,४९०. ठेवीचं व्याज दरवर्षी काढून बचत खात्यात ४ टक्क्यांवर ठेवलं, तरीही ही तफावत फार थोडी भरून निघते. प्रभावी दर एका वर्षाची गोष्ट सांगतो आणि तीही व्याज खात्यातच राहिलं तर. व्याज दर तिमाहीला काढून घरखर्चाला वापरणाऱ्या निवृत्ताला ७.५ टक्क्यांचे साडेसातच मिळतात, त्याच्यासाठी ७.७१ हा आकडा कागदावरचा आहे. त्याने नाममात्र दर पाहावा, आणि पैसे हातात लवकर येतात का ते पाहावं.

दुसरी सावधगिरी जाहिरातींबाबत. प्रभावी दरासारखाच दिसणारा एक आकडा ठेवींच्या जाहिरातींत ‘यील्ड’ या नावाने छापला जातो. ७ टक्क्यांची पाच वर्षांची ठेव, तिमाही चक्रवाढ. एका लाखाचे मुदतीनंतर १,४१,४७८ होतात. व्याज ४१,४७८. याला सरळ पाचाने भागलं की वर्षाला ८,२९६, आणि जाहिरातीत मोठ्या अक्षरांत ‘८.३० टक्के’. हिशेब खोटा नाही, पण त्याने पाच वर्षांच्या चक्रवाढीला सरळव्याजाच्या मापाने मोजलेलं आहे. दहा वर्षांची ठेव असती, तर याच ७ टक्क्यांचा आकडा १० च्या वर गेला असता. या ठेवीचा प्रभावी वार्षिक दर ७.१९ आहे, मुदत कितीही असो. मुदत बदलली की बदलणारा आकडा दिसला, तर तो प्रभावी दर नाही असं खुशाल समजावं.

अमेरिकेत ठेवींच्या जाहिरातीत दर सांगायचा असेल, तर प्रभावी वार्षिक दर एकाच ठरलेल्या पद्धतीने काढून सांगावा लागतो. १९९१ च्या बचतीविषयक कायद्याने तसं बंधन घातलं आहे. न्यू जर्सीतल्या मुलाने तिथल्या खात्याचा ‘एपीवाय’ कळवला आणि इथल्या बँकेच्या पाटीवरच्या दराशी तो ताडून पाहिला, तर तुलना सारखी होत नाही. त्याच्या आकड्यात चक्रवाढ आधीच धरलेली आहे, आपल्या आकड्यात नाही. आपल्याकडेही बचत खात्याच्या पाटीवर जाहीर दराशेजारी प्रभावी दराचा रकाना असायला हवा.

तोवर आपलं खातं आपणच तपासता येतं. ज्या तिमाहीत शिल्लक फारशी हलली नाही, ती निवडा. पासबुकात व्याजाची नोंद शोधा. समजा शिल्लक एक लाख होती, तिमाही ९२ दिवसांची होती आणि व्याज ६३० रुपये पडलं. ६३० ला एक लाखाने भागा, ३६५ ने गुणा, ९२ ने भागा. अडीच टक्के येतात. जाहीर दराशी हे जुळलं, तर बँक रोजच्या शिलकेवर बरोबर धरते आहे. कमी आलं, तर आधी खात्याचा स्लॅब पाहा. काही बँका मोठा दर जाहीर करतात तो ठरावीक लाखांच्या वरच्या शिलकेलाच, आणि खालच्या रकमेला कमी दर लावतात. स्लॅब पाहूनही फरक राहिला, तर तिमाहीचा उतारा, दिवसवार शिल्लक आणि हा हिशेब एका कागदावर लिहून शाखेत द्या आणि पोच घ्या.